फेट्याची तिरकी चुणी: व्हर्टेक्स ॲनिमेशन टेक्सचरने मला चार दिवस कसं फसवलं

खासबाग मैदानात तुम्ही कधी बसला असाल तर माहीत असेल, कुस्ती चितपट झाली की चारी बाजूंचा उतार एकदम उभा राहतो. मला तेच करायचं होतं. मातीच्या हौद्याभोवती चार हजार प्रेक्षक, टाळ्या पिटणारे, उड्या मारणारे, आणि सगळं एका साध्या ग्राफिक कार्डवर. राजारामपुरीतल्या एका खोलीत आम्ही दोघं, ब्लेंडर आणि अनरियल. त्यातले चार दिवस कसे वाया गेले ते सांगतो, म्हणजे तुमचे जाणार नाहीत.

शेडर आणि यूव्ही तुम्हाला माहीत आहेत असं धरून चालतो. चार हजार सांगाडे दर फ्रेमला हलवायला गेलात तर सीपीयू बसतो. म्हणून हालचाल आधीच भाजून ठेवायची. मेशचा प्रत्येक व्हर्टेक्स प्रत्येक फ्रेमला मूळ जागेपासून किती सरकला, तो आकडा टेक्सचरमध्ये रंग म्हणून लिहायचा. आडवे रकाने म्हणजे व्हर्टेक्स, उभ्या ओळी म्हणजे फ्रेम. व्हर्टेक्स शेडर आपल्या रकान्यातून, चालू फ्रेमच्या ओळीतून आकडा उचलतो आणि स्वतःला तेवढा सरकवतो. मग तोच एक मेश इन्स्टन्स करून हजारो वेळा काढता येतो, आणि सीपीयूला त्याची खबरही नसते.

माझा पहिला प्रेक्षक 1,790 व्हर्टेक्सचा होता. 120 फ्रेम, म्हणजे 30 च्या गतीने चार सेकंदांचा लूप. दर टेक्सेलला 8 बाइट धरले तर 1,790 गुणिले 120, साधारण 1.7 एमबी. एवढ्यात चार हजार माणसं हलली. त्या रात्री आम्ही मिसळ खायला गेलो.

टेक्सचरच्या सेटिंग्ज एका दमात सांगतो, कारण त्या सगळीकडे सापडतात: `sRGB` बंद, मिपमॅप बंद, फिल्टर `Nearest`, कॉम्प्रेशन HDR प्रकारातलं. ब्लेंडरमधून येताना Y चं चिन्ह उलटं करायचं आणि मीटरचे सेंटीमीटर करायला 100 ने गुणायचं. फिल्टर `Nearest` असल्यामुळे दोन फ्रेममधली हालचाल आपोआप गुळगुळीत होत नाही. दोन ओळी वाचून शेडरमध्ये स्वतः मिसळायच्या. `PerInstanceRandom` वापरून प्रत्येकाची सुरुवात मागेपुढे करा, नाहीतर प्रेक्षक नाही, शाळेची कवायत दिसते.

एक गोष्ट मात्र जरा थांबून. ब्लेंडरमधले 1,790 व्हर्टेक्स इंजिनात 1,790 राहत नाहीत. जिथे यूव्हीची शिवण आहे, जिथे कडा धारदार आहे, तिथे एकाचे दोन-तीन होतात, आणि क्रमही बदलतो. म्हणून इंजिनाच्या व्हर्टेक्स क्रमांकावर विसंबू नका. प्रत्येक व्हर्टेक्सचा रकाना दुसऱ्या यूव्ही चॅनेलमध्ये लिहून पाठवा, म्हणजे त्याच्या सगळ्या नकला तोच पत्ता घेऊन येतात. आणि आयात करताना `Generate Lightmap UVs` बंद करा, नाहीतर इंजिन त्याच चॅनेलवर स्वतःचं काहीतरी लिहून मोकळं होतं.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. मग ग्राहकाचा फोन आला, "मल्ल जिंकला की लोकांनी फेटे सोडून फिरवायला पाहिजेत." मागणी रास्त होती. मी 10 बाय 51 जाळीची कापडाची पट्टी केली, म्हणजे 510 व्हर्टेक्स. कापडाचं सिम्युलेशन चालवलं, प्रेक्षकाला जोडलं. एकूण झाले 2,300. भाजलं, आयात केलं, चालवलं.

फेटा फिरत होता, पण त्यावर तिरक्या चुण्या पडत होत्या. पिळलेल्या कापडावर पडतात तशाच. फाटलं नव्हतं, काटे निघाले नव्हते. म्हणूनच फसलो. बिघाड बिघाडासारखा दिसला असता तर मी टेक्सचर तपासलं असतं. हा कापडासारखा दिसला, म्हणून मी कापड तपासत बसलो. ताठरपणा वाढवला, पायऱ्या वाढवल्या, आपसातली टक्कर बंद केली. प्रत्येक वेळी नव्याने सिम्युलेशन, नव्याने भाजणं. भागीदार म्हणाला, "भावा, फेट्याला इस्त्री करून बघ आता." पुण्यातल्या एका सीनियरना मी स्क्रीनशॉट पाठवला. त्यांनी सांगितलं, सिम्युलेशनचा दर्जा वाढव. त्यांचा दोष नाही. हलत्या गोष्टीबद्दल स्थिर चित्र पाठवणाऱ्याला असंच उत्तर मिळणार. विचारायचं असेल तर व्हिडिओ पाठवा, तोही हळू करून. आणि खरं सांगायचं तर दोन मिनिटांत चित्र बघून ठाम उत्तर देणाऱ्या गुरूपेक्षा "मला माहीत नाही, ब्लेंडरमध्ये कसं दिसतंय?" असं विचारणारा बरा. तो प्रश्न मला कुणी विचारला नाही, आणि मीही स्वतःला चौथ्या दिवशी विचारला. ब्लेंडरमध्ये फेटा साफ होता.

मग मी अनरियलमध्ये हालचाल अगदी हळू करून एकच चुणी बघत बसलो. खरी चुणी कापडावरून सरकते, एका जागी विरते आणि दुसरीकडे उमटते. ही जागची हलतच नव्हती. कापड कुठेही वळो, चुणी त्याच व्हर्टेक्सवर. म्हणजे ती कापडाची नव्हती, पत्त्याची होती.

झालं होतं असं. अनरियल स्टॅटिक मेशचे यूव्ही मूळात 16 बिटांत ठेवतं, म्हणजे हाफ फ्लोट. त्यात 0.5 ते 1 या पट्ट्यात दोन शेजारच्या आकड्यांतलं अंतर 1/2048 असतं. म्हणजे रकान्यांच्या उजव्या अर्ध्या भागासाठी फक्त 1,024 वेगळे पत्ते मिळतात. माझ्या 2,300 रकान्यांच्या टेक्सचरमध्ये त्या अर्ध्यात 1,150 व्हर्टेक्स राहत होते. 1,024 घरांत 1,150 बिऱ्हाडं. 126 जणांना शेजारच्या दारात जावं लागणारच, म्हणजे साधारण दर नऊ व्हर्टेक्समागे एकाला. डाव्या अर्ध्यात, 0.5 च्या खाली, अंतर निम्मं किंवा त्याहूनही बारीक असल्यामुळे तिथे काहीच बिघडत नाही.

आता चुण्या तिरक्याच का, तेही कळलं. पट्टीची ओळ 10 व्हर्टेक्सची, आणि चूक दर नऊ-सव्वानऊला. म्हणजे प्रत्येक पुढच्या ओळीत चुकलेला व्हर्टेक्स जवळपास एक घर अलीकडे. सगळे मिळून सरळ तिरकी रेघ. शरीराचे शेवटचे काही व्हर्टेक्सही चुकत होतेच, पण दंडावरचे शेजारी व्हर्टेक्स जवळपास सारखेच हलतात, त्यामुळे कोपराजवळच्या बारीक थरथरीशिवाय काही दिसत नव्हतं. ती थरथर मी दुसऱ्याच दिवशी बघितली होती आणि सोडून दिली होती. तिचा राग अजून आहे.

1,790 वर का चाललं? 2,048 पेक्षा कमी रकाने असतील तर हाफ फ्लोटची चूक अर्ध्या रकान्यापेक्षा कमीच राहते, आणि `Nearest` फिल्टर बरोबर रकाना उचलतो. मी सुरक्षित नव्हतो, नशीबवान होतो. फिल्टर `Nearest` नसता तर 1,790 वरही शेजाऱ्यांचे आकडे मिसळून आले असते.

गंमत बघा, सरकण्याचे आकडे मी 16 बिटांतच ठेवले होते आणि ते चालतात. एक-दोन मीटरच्या हालचालीत चूक मिलिमीटरभर येते, कोण बघतंय. पण पत्ता मिलिमीटरभर चुकत नसतो. पोस्टमन घर क्रमांक एकाने चुकला तर पत्र पूर्णच शेजाऱ्याकडे जातं.

उपाय दोन आहेत, मी दोन्ही करतो. पहिला, स्टॅटिक मेशच्या बिल्ड सेटिंगमध्ये `Use Full Precision UVs` वर टिक. दर यूव्ही चॅनेलमागे व्हर्टेक्सला 4 ऐवजी 8 बाइट लागतात, पण मेश एकदाच साठवला जातो, त्यामुळे चार हजार प्रेक्षकांत तो खर्च जाणवत नाही. दुसरा, टेक्सचरची घडी घालायची. रुंदी 1,024 च ठेवायची आणि एका फ्रेमला एकाऐवजी तीन ओळी द्यायच्या. 1,024 रुंदीत रकान्याचा मध्य हाफ फ्लोटमध्ये तंतोतंत बसतो, राउंडिंग होतच नाही. 120 फ्रेमच्या 360 ओळी, टेक्सचर 2.9 एमबी. शेवटची ओळ अर्ध्याहून जास्त रिकामी जाते, जाऊ दे.

```python
W, R, F = 1024, 3, 120
H = R * F
uv = me.uv_layers["VAT"].data
for loop in me.loops:
    i = loop.vertex_index
    uv[loop.index].uv = ((i % W + 0.5) / W,
                         (i // W + 0.5) / H)
```

पुढच्या फ्रेमसाठी तीन ओळी सरकायचं. ब्लेंडर V खालून मोजतं आणि अनरियल वरून, म्हणून शेडरमध्ये मी `frame * 3 / 360` मिळवत नाही, वजा करतो. टिक असताना घडी कशाला, असं विचाराल. उद्या तुमचा मेश कुणीतरी दुसऱ्या प्रोजेक्टमध्ये नव्याने आयात करील आणि टिक विसरेल. घडी मेशमध्येच असते, ती विसरता येत नाही.

आणि ही तपासणी आता प्रत्येक मेशवर आधी करतो. मटेरियलमध्ये दुसऱ्या यूव्हीचा U घ्या, टेक्सचरच्या रुंदीने गुणा, फक्त दशांश भाग ठेवा आणि तो रंग म्हणून दाखवा. हे गणित `VertexInterpolator` मधून करा, म्हणजे ते दर व्हर्टेक्सला होईल, दर पिक्सेलला नाही. सगळे पत्ते रकान्याच्या मध्यावर असतील तर दशांश सगळीकडे 0.5, आणि मेश एकसारखा राखाडी. माझा जुना फेटा या मटेरियलमध्ये काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा दिसला. चार दिवसांचं उत्तर दहा सेकंदांत.

एका बटणात सगळं भाजून देणारी साधनं आहेत, हुदिनीतलं साइडएफएक्स लॅब्जचं चांगलंच आहे. वापरा. पण एकदा तरी हाताने भाजा, नाहीतर बिघडल्यावर कुठे बघायचं तेच कळणार नाही. हाताने करताना दोन-तीन दिवस काहीच जमत नाही, मेश सगळा काट्यांचा गोळा होतो. तसं झालं तर घाबरू नका, गोळा सापडायला सोपा असतो.

दोन मर्यादा सांगून थांबतो. भाजल्याने हालचाल स्वस्त होते, व्हर्टेक्स नाहीत. 2,300 चे चार हजार प्रेक्षक म्हणजे 92 लाख व्हर्टेक्स, आणि ते कार्डाला उचलावेच लागतात. आम्ही कॅमेऱ्याजवळचे 300 पूर्ण ठेवले आणि बाकी 3,700 जणांना 280 व्हर्टेक्सचा वेगळा मेश आणि वेगळं टेक्सचर दिलं. बेरीज सुमारे 17 लाखांवर आली. दूरच्यांना फेट्याच्या चुण्या नाहीतच, नुसती भगवी पट्टी.

दुसरी, शेडरने सरकवलेला फेटा इंजिनाला दिसत नाही. त्याच्या हिशेबी प्रेक्षक मूळ मेशएवढाच उंच. कॅमेरा वर झाला, डोकं चौकटीखाली गेलं, की हवेत फिरणारा फेटाही माणसासकट गायब. मेशच्या `Positive Bounds Extension` मध्ये Z ला 100 टाकलं, कारण फेटा डोक्यावर 90 सेंटीमीटर जातो. तेव्हा कुठे खालच्या रांगेतले फेटे शॉट संपेपर्यंत टिकले.