घनता चुकली? किती पट चुकली ते बघा, चूक तिथेच सापडते

युनिट सेलवरून, म्हणजे स्फटिकात परत परत येणाऱ्या सगळ्यात लहान घनावरून, घनता काढायच्या गणितात फॉर्म्युला एकच आहे आणि तो सगळ्यांना पाठ असतो, तरी उत्तर चुकतं. मग पोरं काय करतात, तर सगळं खोडून पहिल्यापासून परत सोडवतात आणि परत तीच चूक करतात, कारण चूक आकडेमोडीत नसतेच, ती आधीच झालेली असते. मी अशा बऱ्याच वह्या बघितल्यात आणि एक गोष्ट पक्की कळलीये, ती म्हणजे इथली चुकीची उत्तरं वाट्टेल ती येत नाहीत. प्रत्येक चुकीचा ठरलेला गुणक असतो. म्हणून आलेल्या उत्तराला बरोबर उत्तराने भागा आणि काय येतं ते बघा, बहुतेक वेळा तेवढ्यावरच चोर सापडतो.

आधी एक गणित नीट करून घेऊ म्हणजे पुढे तुलना करता येईल. लोखंड घ्या. साध्या तापमानाला बीसीसी, म्हणजे घनाच्या कोपऱ्यांत आणि मध्यभागी अणू, कडेची लांबी a २८६.६ पिकोमीटर, मोलर मास M ५५.८५. Z म्हणजे एका सेलच्या वाट्याला येणारे अणू आणि N_A म्हणजे ॲव्होगाड्रो संख्या.

```
d = Z × M / (a³ × N_A)

Z = 2
a = 286.6 pm = 2.866 × 10⁻⁸ cm
a³ = 23.54 × 10⁻²⁴ cm³
d = (2 × 55.85) / (23.54 × 10⁻²⁴ × 6.022 × 10²³)
d = 7.88 g/cm³
```

प्रत्यक्षात लोखंडाची घनता ७.८७ धरतात, म्हणजे उत्तर जागेवर आहे. आता हेच गणित वेगवेगळ्या प्रकारे बिघडवून बघू.

उत्तर साडेचार पट किंवा निम्मं आलं तर मोजणीत घोळ आहे

बीसीसीचं चित्र काढलं की नऊ गोळे दिसतात, आठ कोपऱ्यांत आणि एक मध्ये. आणि मग Z = 9 टाकलं जातं, घनता येते ३५.५. इथे खरंतर गणित थांबवूनच विचार करायला हवा, कारण ऑस्मियम, जो सगळ्यात जड धातूंपैकी एक, त्याची घनता २२.६ च्या आसपास आहे, मग लोखंड ३५ कसं असेल? कोपऱ्यातला अणू आठ सेलमध्ये वाटलेला असतो म्हणून आपल्या वाट्याला आठवा भाग येतो, आठ कोपरे मिळून पूर्ण एक, आणि मधला अख्खा आपला, झाले दोन. एफसीसीत कोपऱ्यांत आणि प्रत्येक बाजूच्या मध्यावर मिळून चौदा गोळे दिसतात पण बाजूंवरचे सहा निम्मेनिम्मे, म्हणजे तीन, अधिक कोपऱ्यांचा एक, म्हणजे चार. तिथे १४ टाकलं तर साडेतीन पट उत्तर येईल. आणि उत्तर बरोबर निम्मं आलं असेल, लोखंडाला ३.९४, तर तुम्ही मधला अणू विसरलात किंवा सवयीने Z = 1 टाकलं.

१.५४ पट, २.८३ पट: कोण कोणाला चिकटलंय ते बघितलं नाही

सगळ्यात जास्त गणितं इथे जातात म्हणून जरा थांबून बोलू. प्रश्नात कडेऐवजी अणूची त्रिज्या दिलेली असते आणि a आपल्याला काढायचा असतो. आणि सिंपल क्यूबिक पहिल्यांदा शिकवतात म्हणून डोक्यात a = 2r घट्ट बसलेलं असतं. ते फक्त सिंपल क्यूबिकचंच आहे, तिथे कडेवरचे शेजारी अणू एकमेकांना टेकतात. आणि गंमत म्हणजे साध्या परिस्थितीत अशी रचना असलेलं मूलद्रव्य पोलोनियम सोडून दुसरं नाही, म्हणजे जो संबंध सगळ्यात जास्त लक्षात राहतो तो सगळ्यात कमी धातूंना लागू पडतो.

बीसीसीत मध्ये एक अणू बसवलाय, त्याने कोपऱ्यातल्यांना थोडं बाजूला सारलंय असं समजा. कोपऱ्यातले अणू आता एकमेकांना टेकत नाहीत, ते फक्त मधल्याला टेकतात, आणि ही रांग एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत आरपार जाते, तो बॉडी डायगोनल. त्यावर एक त्रिज्या, मग मधल्या अणूचा पूर्ण व्यास, मग परत एक त्रिज्या, एकूण 4r. आणि घनाचा आरपार कर्ण असतो √3·a.

```
SC  : a = 2r
BCC : √3·a = 4r
FCC : √2·a = 4r
```

लोखंडात आकडे टाकून बघा. त्रिज्या येते १२४.१, म्हणजे दोन त्रिज्या २४८.२, पण कड २८६.६ आहे. म्हणजे कडेवर दोन अणूंच्या मध्ये सुमारे ३८ पिकोमीटरची फट आहे. ही फट ज्याच्या डोळ्यासमोर आली तो बीसीसीत a = 2r लिहिणार नाही. आणि लिहिलंच तर a लहान येतो, घन केल्यावर अजूनच लहान, आणि घनता निघते १२.१, म्हणजे बरोबर उत्तराच्या १.५४ पट. हा १.५४ लक्षात ठेवा, तो ह्याच चुकीची सही आहे.

एफसीसीत मधली जागा रिकामी असते, तिथे अणूच नाही, म्हणून आरपार कर्णावर टेकण्याचा प्रश्नच येत नाही. तिथे प्रत्येक बाजूच्या मध्यावरचा अणू त्याच बाजूच्या चार कोपऱ्यांना टेकतो, म्हणून फेस डायगोनल घ्यायचा. तांब्याची त्रिज्या १२७.८ घेऊन √2 वापरलं तर घनता ८.९३ येते, बरोबर. a = 2r वापरलं तर २५.३, म्हणजे २.८३ पट. आणि √2 न् √3 ची अदलाबदल झाली तर गुणक १.८४ येतो, बीसीसीत √2 टाकलं तर उत्तर १.८४ ने भागल्यासारखं कमी, एफसीसीत √3 टाकलं तर तेवढ्याच पटीने जास्त.

अजून एक बारीक गोष्ट. √3 ऐवजी घाईत 1.7 टाकलं तर लोखंड ७.४५ येतं, साधारण साडेपाच टक्के कमी. ऑप्शन जवळजवळ असतील तर एवढ्यात चुकीचा टिक होतो. 1.732 टाका.

पॅकिंग एफिशियन्सी १०० च्या वर गेली

हसू नका, होतं हे. वरचीच चूक इथे जास्त उघडी पडते. पॅकिंग एफिशियन्सी म्हणजे सेलमधल्या अणूंचं एकूण आकारमान भागिले सेलचं आकारमान, म्हणजे अणूंनी किती टक्के जागा व्यापली. बीसीसीत a = 2r टाकलं तर १०४.७ टक्के येतं आणि एफसीसीत २०९ टक्के. डब्यात डब्यापेक्षा जास्त माल भरलाय म्हणे! शंभरच्या वर गेलं की Z तपासत बसू नका, आधी r आणि a चा संबंध तपासा, Z त्यानंतर. बरोबर उत्तरं ५२.४, ६८ आणि ७४, आणि ही त्रिज्येवर अवलंबून नाहीत, r वरखाली कटून जातो. म्हणून शेवटपर्यंत r उरला असेल तर कुठेतरी r³ ऐवजी r² लिहिलं गेलंय.

आठवा हिस्सा किंवा बारा पट

उत्तर आठव्या हिश्श्याएवढं आलं, लोखंडाला ०.९८ वगैरे, तर प्रश्नात व्यास दिला होता आणि तुम्ही तो त्रिज्या म्हणून वापरला. उलट लोखंड ९७ आलं तर त्रिज्याच सरळ a च्या जागी टाकलीये, बीसीसीत हा गुणक १२.३ आणि एफसीसीत २२.६.

दहाच्या घातात चूक

आकडे सगळे बरोबर, 7.88 सुद्धा दिसतंय, फक्त पुढे दहाचा घात भलताच, तर युनिट बघा. पिकोमीटर म्हणजे मीटरचा १० चा उणे १२ वा घात, पण सेंटिमीटरचा उणे १० वा. लोक −12 लिहून पुढे सेंटिमीटर म्हणतात, घन झाल्यावर ही चूक दहा लाख पटींची होते. दुसरा प्रकार म्हणजे 2.866 चा घन करायचा आणि 10⁻⁸ तसंच ठेवायचं, घन दोघांचाही होतो, 10⁻²⁴ यायला हवं. कॅल्क्युलेटरवर करताना आख्खी संख्या कंसात टाका आणि मग घन करा. आणि मीटरमध्येच करायचं असेल तर मोलर मास किलोग्रॅममध्ये घ्या, 0.05585, नाहीतर हजार पटीने चुकेल. मला विचाराल तर a ची किंमत पहिल्याच ओळीत सेंटिमीटरमध्ये लिहून टाकायची, मध्येच बदलायला गेलं की गोंधळ होतोच.

७४ टक्के म्हणजे जास्त घनता, असं नाही

ॲल्युमिनियम एफसीसी, ७४ टक्के भरलेलं, घनता २.७०. लोखंड बीसीसी, ६८ टक्के, घनता ७.८७. अणू किती जड आणि किती मोठा हे विसरून फक्त पॅकिंगवरून दोन वेगळ्या धातूंची तुलना करता येत नाही. एकाच धातूच्या दोन रूपांची करता येते, पण त्यातही एक खाच आहे. लोखंड ९१२ अंश सेल्सिअसला बीसीसीतून एफसीसीत जातं. त्रिज्या तीच राहते असं धरलं तर घनता ७४ भागिले ६८, म्हणजे जवळपास ९ टक्क्यांनी वाढायला हवी, पण प्रत्यक्षात आकारमान फक्त एक टक्क्याच्या आसपास कमी होतं. कारण ८ ऐवजी १२ शेजारी आले की अणूंमधलं अंतर थोडं वाढतं, त्रिज्या तीच राहत नाही. म्हणून प्रश्नात दोन्ही रूपांचे a दिले असतील तर तेच वापरा, पॅकिंगच्या टक्क्यांचं गुणोत्तर घेऊन शॉर्टकट मारू नका. 'त्रिज्या समान आहे' असं स्पष्ट लिहिलं असेल तरच तो शॉर्टकट चालतो.

बीसीसीसारखं दिसतं पण नाही

सीझियम क्लोराइडचं चित्र बघा, कोपऱ्यांत क्लोराइड आणि मध्ये सीझियम. हुबेहूब बीसीसी वाटतं आणि हात आपोआप Z = 2 लिहितो. पण M आपण १६८.४ घेतोय, त्यात सीझियम आणि क्लोरीन दोन्ही आधीच आले, म्हणजे इथे Z अणूंचा नाही, CsCl च्या जोड्यांचा मोजायचा. कोपऱ्यांचं मिळून एक क्लोराइड, मध्ये एक सीझियम, एकच जोडी, Z = 1. कड ४१२ पिकोमीटर टाकली की ४.० येतं, जे मोजलेल्या ३.९९ ला जुळतं. Z = 2 टाकलं तर ८. मध्यावरचा कण कोपऱ्यातल्यासारखाच असेल तरच ती बीसीसी जाळी, नाहीतर ती सिंपल क्यूबिक जाळीच, फक्त प्रत्येक बिंदूला एकाऐवजी दोन आयन टांगलेले.