गुलाबी ठिपक्यावरून तेरडा ओळखता येत नाही: फोटो काढताना या चुका टाळा

पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर दिसलेल्या फुलाचा फोटो पाठवून हा तेरडाच का, असं तुम्ही विचारलंत. फोटो पाहिला. हिरव्यावर एक गुलाबी ठिपका, एवढंच दिसतंय. पावसाळा, पठार आणि रंग पाहता झाड तेरड्याच्या कुळातलं असावं, पण गुलाबी फुलांच्या जाती त्या कुळात बऱ्याच आहेत. आणि खरं सांगायचं तर हाच फोटो स्वच्छ आला असता तरी अडलं असतंच, कारण तो समोरून काढलाय.

तेरड्याच्या फुलामागे मधाची एक नळी असते. साध्या तेरड्यात ती बारीक, वाकडी आणि सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर लांब असते. समोरून ती पाकळ्यांमागे लपते. म्हणून मोबाईल फुलाच्या उंचीला आणा आणि बाजूनं फोटो घ्या.

दुसरा फोटो खोडाचा, आणि मला विचाराल तर फुलापेक्षा हाच जास्त कामाचा. पानं खोडावर आळीपाळीनं आहेत की एकाच पेरावर समोरासमोर, ते दिसलं पाहिजे. साध्या तेरड्याची पानं आळीपाळीनं येतात. मात्र अगदी खालची पानं कधी कधी समोरासमोर असतात आणि तिथंच फसगत होते, म्हणून खोडाचा मधला भाग घ्या. तिथंही पानं समोरासमोर असली, तर ती इम्पेशन्स अपोझिटिफोलिया किंवा तिच्या जवळची जात असू शकते.

तिसरा फोटो हिरव्या बोंडाचा. साध्या तेरड्याच्या बोंडावर दाट लव असते. पिकलेल्या बोंडाला बोट लावू नका, फट्‌दिशी फुटतं आणि फोटो राहतो. पानं आळीपाळीनं, नळी लांब वाकडी आणि बोंड लवदार, हे तिन्ही जुळलं तर गौरीसाठी आणतात तोच आपला तेरडा.

आता फोटो पुसट का आला? बहुधा मोबाईल फुलाला अगदी चिकटवला असणार. एका ठरावीक अंतराच्या आत साधा कॅमेरा फोकसच धरत नाही. वीतभर मागं सरा, झूम करू नका, नंतर फोटो कापून घ्या. पठारावर वारा थांबत नाही, तेव्हा दुसऱ्या हातानं देठ हलकेच धरा. कॅमेरा मागच्या गवतावर फोकस करत असेल तर फुलामागं तळहात धरा आणि स्क्रीनवर फुलावर टिचकी मारा. गुलाबी रंग उन्हात पांढरट पडतो, म्हणून उजेड थोडा कमी करा. आकार कळायला शेजारी दहाचं नाणं धरलं तरी चालतं. झाड मात्र उपटू नका.

व्हॉट्सॲपवर पाठवताना फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर बोंडावरची लव त्यातच पुसली जाते. सोबत तारीख लिहा, आणि झाड उघड्या कातळावर होतं, गवतात होतं की ओढ्याकाठी सावलीत, तेही लिहा.