शेवटच्या चाचण्यांना जास्त भार देताना या चुका टाळा

आठवीतल्या एका मुलाचे गणिताच्या सहा घटक चाचण्यांतले गुण, टक्क्यांत: ४०, ४५, ५०, ६५, ७०, ७५. साधी सरासरी येते ५७.५. आज तो सत्तरीच्या पुढे आहे हे या आकड्यात कुठेच दिसत नाही. म्हणून बरेच शिक्षक चालू सरासरी ठेवतात: जुन्या सरासरीचा ७० टक्के भाग आणि नव्या चाचणीचा ३० टक्के भाग मिळवायचा, की नवी सरासरी तयार. कल्पना चांगली आहे, पण सुरुवात कुठून करायची इथेच बहुतेकांचं चुकतं.

पहिल्या चाचणीआधी "जुनी सरासरी" नसतेच. तो रकाना रिकामा सोडला की एक्सेल तिथे शून्य धरतं. मग या मुलाची सहाव्या चाचणीनंतरची सरासरी येते ५७.२, म्हणजे साध्या सरासरीपेक्षाही कमी! प्रगती दाखवण्यासाठी केलेल्या हिशेबाने प्रगती करणाऱ्याचंच नुकसान केलं. कधीही न झालेल्या एका शून्य गुणांच्या चाचणीचा भार सहा चाचण्यांनंतरही जवळजवळ १२ टक्के उरतो, तो हा.

यावर लोक करतात तो उपाय म्हणजे पहिल्या चाचणीचे गुण हीच सुरुवातीची सरासरी धरणं. आकडा ६१.९ होतो, बरा दिसतो, आणि म्हणूनच चूक लपून राहते. प्रत्येक चाचणीच्या वाट्याला आलेला भार काढून बघा. पहिलीपासून सहावीपर्यंत तो १७, ७, १०, १५, २१ आणि ३० टक्के येतो. सर्वांत जुनी चाचणी चौथीपेक्षाही जड! साध्या सरासरीत तिला जेवढा भार होता तेवढाच इथेही राहिला.

खरा इलाज सोपा आहे. गुणांची बेरीज आणि भारांची बेरीज वेगवेगळी ठेवायची आणि शेवटी भागाकार करायचा. B मध्ये टक्के, C मध्ये गुणांची बेरीज, D मध्ये भारांची आणि E मध्ये सरासरी. पहिल्या चाचणीच्या ओळीत (समजा दुसरी ओळ) C2 मध्ये `=B2`, D2 मध्ये `=IF(B2="",0,1)` आणि E2 मध्ये `=IF(D2=0,"",C2/D2)`. तिसऱ्या ओळीत ही सूत्रं भरून खाली ओढायची:

```
C3: =IF(B3="",C2,B3+0.7*C2)
D3: =IF(B3="",D2,1+0.7*D2)
E3: =IF(D3=0,"",C3/D3)
```

आता सरासरी येते ६४.८, आणि भार जुन्यापासून नव्यापर्यंत क्रमाने वाढत जातो. शेवटच्या चाचणीला ३४ टक्के, पहिलीला जेमतेम ६. यातला ०.७ बदलता येतो, पण फार खाली नेऊ नका. ०.३ घेतला तर एकट्या शेवटच्या चाचणीचा भार ७० टक्के होतो, मग सरासरी काढायचीच कशाला?

सूत्रातलं `IF` गैरहजेरीसाठी आहे. ते नसेल तर रिकामा रकाना शून्य गुण म्हणून मोजला जातो. हाच मुलगा पाचव्या चाचणीला तापाने आला नाही असं समजा. चौथीनंतर ५३.६ असलेली सरासरी एकदम ३४.३ वर येते आणि सहावीत ७५ मिळवूनही ४८ वरच अडकते. `IF` असेल तर पाचवी नुसती वगळली जाते आणि सहावीनंतर ६१.३ मिळतात. मात्र रकान्यात "गै.ह." लिहू नका, सूत्र अडखळेल. तो खरोखर रिकामाच ठेवा.

आकडेमोड बिनचूक असूनही निष्कर्ष चुकू शकतो, आणि मला सर्वांत जास्त काळजी याचीच वाटते. शेवटचा पेपर सोपा निघाला तर त्याचा जादा भार सगळ्या वर्गाला वर ओढतो. म्हणून शेजारी वर्गाची सरासरी लिहीत जा. समजा ती पाचवीत ५२ होती आणि सहावीत ६८ झाली. आपला मुलगा ७० वरून ७५ वर गेला, पण वर्गाच्या पुढे १८ गुणांनी होता तो आता फक्त ७ गुणांनी आहे. त्या एका चाचणीवरून "सुधारला" म्हणायला आधार नाही. तसंच, पहिली चाचणी अपूर्णांकांची आणि शेवटची भूमितीची असेल तर ६४.८ हा आकडा अपूर्णांकांपेक्षा भूमितीबद्दलच कितीतरी जास्त सांगतो. अपूर्णांक अजून कच्चे आहेत का हे पाहायला त्याच घटकाची पुन्हा छोटी चाचणी घ्या आणि तिची तारीख नवीनच नोंदवा, जुन्या ओळीत गुण बदलू नका.

हेच सहा आकडे उलट क्रमाने, ७५ वरून ४० वर घसरणाऱ्या मुलीचे असतील, तर तिची सरासरी ५७.५ ऐवजी ५०.२ येते. घसरणाऱ्यांसाठी गुपचूप साध्या सरासरीकडे वळणं अन्यायाचं आहे. कोणती पद्धत वापरणार आणि ०.७ हाच आकडा का, हे पहिल्या चाचणीआधीच मुलांना आणि पालकांना फळ्यावर मांडून दाखवा. प्रगतिपुस्तकात शाळेच्या नियमाने येणारे गुण वेगळे राहतील, हेही त्याच वेळी सांगा.