पन्नाशीनंतर अकाउंट्सची नोकरी शोधताय? या चुका टाळा

अंधेरी-मरोळकडच्या लहान-मध्यम कंपन्यांसाठी अकाउंट्सची माणसं निवडायला मी बसतो. पन्नाशी ओलांडलेल्यांचे अर्ज ढिगाने येतात. वयाची अडचण असते, ती नाकारण्यात अर्थ नाही. पण वयाचा विचार होण्याआधीच अर्ज बाजूला पडतो, तो या चुकांमुळे.

पहिली आणि माझ्या डोक्यात जाणारी चूक म्हणजे "ते आमच्याकडे मुलं करायची."

डोंबिवलीचे एक गृहस्थ, वय ५३. कारखाना गुजरातला हलला, हे इथेच राहिले. अनुभव दणदणीत: एक्साइज आणि व्हॅटचा काळ पाहिलेला, २०१७ साली जीएसटी आला तेव्हा सगळी घडी यांनीच बसवलेली. मुलाखत घेणारी कंपनीची फायनान्स हेड पस्तिशीच्या आतली. तिने साधाच प्रश्न विचारला, "सर, २बीची जुळवणी कशी करता?" गृहस्थ खुर्चीत रेलून म्हणाले, "ते आमच्याकडे मुलं करायची. मी सही करायचो." तिने हसून पाणी मागवलं आणि मुलाखत तिथेच संपली. त्या कंपनीत अकाउंट्सला माणसंच तीन. सही करायला मालक आहे की!

पन्नाशीनंतर मोठ्या कंपनीत मॅनेजरची जागा क्वचितच सुटते. जागा असतात त्या अशा तीन माणसांच्या खात्यात. तिथे अनुभव हवा असतो, पण हातही चालावा लागतो.

नंतर मी त्यांना ही जुळवणीच शिकायला लावली. पुरवठादाराने ११ तारखेपर्यंत जीएसटीआर-१ भरलं नाही, तर त्याचं बिल १४ तारखेच्या २बीत येत नाही, पुढच्या महिन्यात जातं. तोवर आपलं क्रेडिट अडकतं. २० तारखेला ३बी भरायचं, म्हणजे हातात जेमतेम आठवडा. हे त्यांना पाठ होतं. येत नव्हतं ते एक्सेलमधलं काम. खरेदी रजिस्टर आणि २बी या दोन्ही याद्या Get Data मधून पॉवर क्वेरीत घ्यायच्या आणि Merge करताना Full Outer निवडायचं. मग जुळलेली बिलं समोरासमोर येतात आणि दोन्ही बाजूंची उरलेली वेगळी दिसतात. पहिल्या खेपेला त्यांनी फक्त बिल नंबरवर जुळवलं आणि जवळजवळ काहीच जुळलं नाही, कारण पुरवठादार लिहितो A/0045/25-26 आणि आपल्याकडे नोंद नुसती 45. म्हणून आधी जीएसटी नंबर आणि कराची रक्कम यांवर जुळवायचं. एकाच पार्टीची सारख्या रकमेची दोन बिलं असली की गोंधळ होतो, तेवढी आणि उरलेली डोळ्यांनी बघायची. कोणता पुरवठादार दर महिन्याला उशीर करतो आणि त्याचं पेमेंट कधी रोखायचं, हे पुन्हा अनुभवाचंच काम. तिथे पंचविशीचा मुलगा चाचपडतो.

माझी सवय अशी: आपल्याच जुन्या महिन्याचा डेटा घ्या, पार्ट्यांची नावं काढून टाका आणि तीन-चार महिन्यांची जुळवणी स्वतः करा. कोणाला बोलवू नका. शनिवार-रविवारच्या कोर्सची सर्टिफिकेटं बायोडेटाला चिकटवून आणणाऱ्यांना मी हेच करून दाखवायला सांगतो. बरेच जण तिथेच अडकतात. दोन दिवसांत पॉवर क्वेरी येत नाही, घाई करू नका.

दुसरी चूक बायोडेटाची. पाच पानं, सुरुवात १९९४ च्या पहिल्या नोकरीपासून. वाचणारा पहिलं अर्धं पान बघतो आणि तिथे "जीएसटी कम्प्लायन्सची जबाबदारी" एवढंच असतं. या गृहस्थांचं आम्ही दोन पानांवर आणलं. वर लिहिलं: महिन्याला सुमारे ४०० खरेदी बिलं, २बीशी जुळवणी स्वतः, उशीर करणाऱ्या पार्ट्यांचा पाठपुरावा, व्हॅट ते जीएसटी बदल पूर्ण केला. दहा-बारा वर्षांपूर्वीच्या नोकऱ्या एकेका ओळीत. पुढे भिवंडीच्या एका गोदामवाल्या कंपनीत लागले, आधीपेक्षा कमी पगारावर. पण काम त्यांच्या हातात आहे.

बाकीच्या चुका थोडक्यात. वय लपवू नका. पदवीचं साल गाळलं तरी समोरचा हिशोब करतोच. मुलाखत घेणाऱ्या मुलीला "बेटा" म्हणू नका, सरळ मॅडम म्हणा. "आमच्या वेळी" हे शब्द घरी ठेवून या.

पगार विचारला की "तुम्ही द्याल ते" म्हणू नका, आकडा सांगा. आठवड्याचे तीन दिवस रिटेनरवर यायला सांगितलं, तर आधी विचारा की पीएफ मिळणार का. बहुतेक वेळा मिळत नाही, तेव्हा तेवढी रक्कम आकड्यात धरूनच बोला.