'बुधवारी रात्री दोन' म्हणजे नक्की कधी? कारखान्यातला मेल मराठीत, इंग्रजीत की दोन्हींत

चाकणला एका कारखान्यात मेंटेनन्स प्लॅनिंगला लागलो, तेव्हा सीनियरने एकच सूचना दिली होती: मेल इंग्रजीत टाक, सगळ्यांना कळतं. आमच्या मेलवर साधारण वीस जण असायचे. तीन शिफ्टचे सुपरवायझर, स्टोअर, सिक्युरिटी, चेन्नईच्या हेड ऑफिसातले दोघे आणि मशिनची सर्व्हिस करणाऱ्यांचा एक माणूस, तोही चेन्नईचाच. सगळ्यांना कळायचं हे खरं होतं. फक्त प्रत्येकाला वेगळं कळायचं.

मार्च २०२४ मध्ये एअर कॉम्प्रेसरचं ओव्हरहॉल ठरलं. आमच्याकडे साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. बुधवारची सेकंड शिफ्ट सुटली की लाइन थांबते, म्हणून काम बुधवारी रात्री दोनला सुरू करून गुरुवारी सकाळी आठला संपवायचं होतं. मी डोक्यात मराठीत ठरवलं आणि बोटांनी इंग्रजीत लिहिलं: वेन्सडे टू ए.एम. टू थर्सडे एट ए.एम. मंगळवारी रात्री दीड वाजता गेटवरून शिफ्ट इनचार्जचा फोन आला, "साहेब, तुमचे पाहुणे आलेत. टूलबॉक्स घेऊन उभे आहेत." लाइन धडधडत चालू होती. चेन्नईहून आलेला इंजिनियर बरोबर वेळेवर आला होता. मी लिहिलेल्या वेळेवर.

आपली रात्र उजाडेपर्यंत आदल्या दिवसाचीच असते. बुधवारी झोपलो आणि दोनला जाग आली, तर ती बुधवारची रात्र. कॅलेंडरला तसं चालत नाही. (रेल्वेचं ००:१०चं तिकीट काढून दुसऱ्या दिवशी रात्री स्टेशनवर गेलेला एक तरी माणूस तुमच्या नात्यात असेलच.) त्याच मेलमध्ये मी आणखी एक घोळ घातला होता, तो नंतर कळला. 'एअर आठपर्यंत येईल' असं मनात होतं, लिहिताना 'पर्यंत'चं सरळ 'टिल' केलं. त्यामुळे वाचणाऱ्याला वाटलं, एअर आठपर्यंत मिळत राहणार आणि मग बंद होणार. मराठीत 'येईल' आणि 'राहील' ही क्रियापदं फरक सांभाळतात, 'पर्यंत' तेच राहतं. इंग्रजीत तो फरक 'बाय' आणि 'टिल' यांच्यात असतो. मराठीतून विचार करून इंग्रजी लिहिणाऱ्याने हे दोन शब्द पाठवण्याआधी एकदा बोट ठेवून तपासावेत.

या प्रकारानंतर मी दुसऱ्या टोकाला गेलो. प्रत्येक मेल दोन्ही भाषांत, वर इंग्रजी, खाली त्याचं शब्दशः मराठी. दोन महिने छान चाललं. मग एका शटडाउनला बेअरिंग उशिरा आलं आणि एअर आठऐवजी दहाला चालू होणार असं ठरलं. घाईत मी वरचा इंग्रजी भाग बदलला, खालचा मराठी तसाच राहिला. सुपरवायझरने सवयीप्रमाणे मराठी भागाची प्रिंट काढून बोर्डावर लावली. गुरुवारी ओटीला आलेली चार पोरं आठ ते दहा नुसती बसून होती, आणि चेन्नईवाल्यांच्या मते मेल अगदी बरोबर होता.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. दोन भाषा असणं हा प्रश्न नव्हता, एकच आकडा दोन ठिकाणी असणं हा होता. आता वेळ, तारीख, मशिन नंबर यांची एकच छोटी चौकट सगळ्यात वर असते. मार्चचा तो पहिला मेल आज लिहिला असता, तर ती अशी असती:

```
Subject: [ACTION] Compressor C2 shutdown, Thu 14-Mar-2024
OFF : Thu 14-Mar  02:00
ON  : Thu 14-Mar  08:00
```

चोवीस तासांचं घड्याळ आणि प्रत्येक वेळेशेजारी वार-तारीख. 'बाय' नाही, 'टिल' नाही. विषयाची ओळ कायम इंग्रजीत ठेवतो, कारण सहा महिन्यांनी तो मेल शोधताना चेन्नईवालाही तेच टाइप करणार. आकडेही इंग्रजीच, कारण देवनागरी २ शोधला तर इंग्रजी 2 सापडेलच याची खात्री नसते.

चौकटीखाली दोन्ही भाषांतले परिच्छेद येतात, पण ते एकमेकांचं भाषांतर नसतात. ज्याला जे करायचंय तेवढंच त्याच्या भाषेत. इंग्रजीत: इंजिनियर कधी पोचायला हवा, गेटपास कोणाच्या नावे, खर्चाची मंजुरी कोणाची. मराठीत: लाइनवरचा व्हॉल्व्ह आधी बंद करायचा, मग प्रेशर सोडायचं, टॅग लावल्याशिवाय कोणी हात घालायचा नाही. मराठी भागात आकडा लिहायचाच नाही, 'वेळ वरच्या चौकटीत पाहा' असं लिहायचं आणि गरज पडली तर शब्दांत, 'म्हणजे बुधवारची सेकंड शिफ्ट सुटल्यानंतर'. प्रिंट काढायची तर चौकटीसकट. वेळ बदलली तर एकाच जागी बदलते.

मराठी भागात शुद्धलेखनाची पुस्तकी मराठी आणू नका. 'झडप बंद करून दाब कमी करावा' असं एकदा लिहिलं, तर थर्ड शिफ्टच्या काकांनी फोन करून विचारलं, "हे सरकारी आहे का?" तसंच उलट, रोमन लिपीतली मराठीही नको. 'kal' हे आपल्याला 'काल' वाटतं, कॉन्ट्रॅक्टरकडच्या हिंदी बोलणाऱ्या पोरांना ते कालही वाटू शकतं आणि उद्याही. आणि जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली सर्क्युलरं मेलमध्ये चिकटवू नका, पलीकडे नुसत्या खुणा दिसतात. युनिकोडमध्येच टाइप करा.

निव्वळ मराठी कधी? मेलवरच्या प्रत्येकाला मराठी येत असेल तर, हे उघड आहे. पण एक प्रसंग असा आहे की चेन्नई मेलवर असूनही मी मराठीच मागतो. अपघात होता होता टळला, त्याचा रिपोर्ट. एका सुपरवायझरने असा रिपोर्ट इंग्रजीत पाठवला होता, एकाच ओळीचा: हात सटकला, इजा नाही. मी म्हटलं, "दादा, जसं झालं तसं मराठीत लिहा." मग आलं: ग्लोव्ह्ज तेलकट झाले होते, नवे मागितले तर स्टोअरमध्ये सोमवारपासून नाहीत, म्हणून पोराने ते काढून उघड्या हाताने पाना धरला. पहिल्या रिपोर्टवर कोणी काही केलं नसतं, दुसऱ्यावर त्याच दिवशी ग्लोव्ह्जची ऑर्डर गेली. मी वर इंग्रजीत चार ओळींचा सारांश लिहिला आणि त्यांचं मराठी जसंच्या तसं खाली ठेवलं, म्हणजे माझ्या सारांशात काही निसटलं तर मराठी येणारा कोणीही धरू शकतो.

रिप्लायचं मात्र सांभाळा. इंग्रजीत सुरू झालेल्या मेलवर आपण तिघे मराठीत उत्तरं द्यायला लागलो की चौथा गप्प होतो. एकदा चेन्नईच्या माणसाने अशा सात मेलनंतर 'नोटेड' एवढंच लिहिलं. फोन केला तेव्हा म्हणाला, शेवटी काय ठरलं तेवढं सांगा. तेव्हापासून मराठीत चर्चा झाली तर शेवटचा मेल मी इंग्रजीत टाकतो, ठरलं ते आणि कोणी करायचं ते, दोन ओळींत.

आणि मेल गेल्यावर सुपरवायझरला 'समजलं ना?' असं विचारू नका, उत्तर 'हो'च येतं. मी फोनवर विचारतो, "व्हॉल्व्ह कधी बंद करणार?" परवा काका म्हणाले, "बुधवारी रात्री दोनला." मग थोडं थांबून, "म्हणजे तुमच्या गुरुवारी."