अवघड धडा सोपा करताना ‘मात्र’ हरवू देऊ नका

वाचनात अडचण असलेल्या मुलासाठी पीडीएफमधला धडा छोट्या वाक्यांत लिहिताना मुद्दा गळतो, आणि तो बहुधा जोडशब्दांपाशीच गळतो.

१. आधी स्वाध्यायाचे प्रश्न वाचा. त्यांची उत्तरे ज्या वाक्यांत आहेत, ती खुणेने राखून ठेवा.

२. मूळ मजकुरातले ‘मात्र’, ‘म्हणून’, ‘तरच’ अधोरेखित करा.

३. एका वाक्यात एकच गोष्ट लिहा. ‘ते’, ‘त्यामुळे त्याचे’ असे न लिहिता नाव पुन्हा घ्या. पुनरुक्ती इथे चालते, उलट मदतच होते.

मूळ वाक्य: “तापमान वाढल्यास बाष्पीभवनाचा वेग वाढतो, मात्र हवेतील आर्द्रता अधिक असल्यास तो मंदावतो.”

सोपे रूप: “पाण्याची वाफ होणे म्हणजे बाष्पीभवन. तापमान वाढले की बाष्पीभवन लवकर होते. पण हवा दमट असेल तर बाष्पीभवन हळू होते.”

‘बाष्पीभवन’ काढून टाकू नका, परीक्षेत तोच शब्द येणार आहे. शेवटी स्वाध्यायाचे प्रश्न फक्त नव्या मजकुरावरून सोडवून बघा. उत्तर अडले तर तिथे मुद्दा सुटला आहे.

सावधान: जुन्या फॉन्टच्या पीडीएफमधून कॉपी केलेली जोडाक्षरे मोडतात, म्हणून मूळ पानाशी ताडून घ्या.