जुना कौटुंबिक फोटो रंगवायला बसण्यापूर्वी: त्वचेच्या छटा आणि लेयरची तयारी

उदाहरण म्हणून १९४०-५०च्या सुमारास स्टुडिओत काढलेला एक फोटो घेऊ. कोट, धोतर आणि टोपीतले आजोबा, शेजारी नऊवारीतली आजी, पुढे परकर-पोलक्यातली मुलगी आणि मागे रंगवलेला पडदा. असा फोटो फोटोशॉपमध्ये रंगवताना चेहरे मातीच्या बाहुल्यांसारखे दिसू लागले, तर दोष बहुधा ब्रशचा नसतो, तयारीत काहीतरी राहिलेलं असतं.

सुरुवात स्कॅनपासून करा. चार बाय सहा इंचांच्या प्रतीला ६०० डीपीआय पुरतं, कारण त्यातून २४०० बाय ३६०० पिक्सेल मिळतात. प्रत त्याहून लहान असेल तर १२०० ठेवा. फोटो कृष्णधवल असला तरी स्कॅन रंगीत, १६ बिटचा आणि टिफमध्ये घ्या. जेपेगमधले बारीक चौकोन करड्या चित्रात लपतात, पण गालावर रंग चढला की उठून दिसतात. रंगीत स्कॅनचा फायदा चॅनल्समध्ये आहे. पिवळा डाग निळा प्रकाश शोषतो, म्हणून निळ्या चॅनलमध्ये तो काळपट दिसतो आणि लाल चॅनलमध्ये जवळपास नाहीसा होतो. प्रतिमा शाबूत असून फक्त डाग असतील, तर चॅनल मिक्सरमध्ये मोनोक्रोम निवडून लाल १०० आणि बाकी दोन्ही शून्य करा. पण सगळी प्रतिमाच पिवळट-तपकिरी होऊन विटली असेल तर उलट वागावं लागतं, कारण उरलेला तपशील निळ्या चॅनलमध्ये जास्त असतो. तिन्ही चॅनल एकेक करून डोळ्यांनी पाहा आणि मगच ठरवा. ओरखडे, घड्या आणि धूळ याच टप्प्यावर काढून टाका. फाइल आरजीबी मोडमध्ये आहे ना, हेही तपासा. ग्रेस्केल राहिली तर कुठलाही रंग करडाच उमटेल.

स्क्रीनचा रात्रीचा पिवळा मोड बंद करा. तो चालू असताना ठरवलेली कातडी दुसऱ्या दिवशी निळसर वाटते.

आता घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारायची वेळ. फोटोची एक साधी प्रिंट काढा आणि त्यांच्याशी बोलताना साडी, काठ, पोलकं, बांगड्या, कोट यांचे रंग तिच्यावरच लिहीत जा. ती साडी किंवा खणाचा तुकडा अजून पेटीत असेल, तर खिडकीच्या उजेडात त्याचा फोटो घ्या. केवळ करड्या छटेवरून रंग ओळखायला जाऊ नका. लाल आणि हिरवं लुगडं एकाच करड्यात उतरू शकतं. शिवाय काही स्टुडिओंत ऑर्थोक्रोमॅटिक प्लेट वापरत. तिला लाल प्रकाश जवळजवळ दिसतच नाही, त्यामुळे लाल वस्तू काळपट येते आणि निळी फिकट. आजीचं कुंकू आणि सगळ्यांचे ओठ जवळपास काळे दिसत असतील, तर ही शक्यता धरून चाला. अशा प्लेटवर सावळी-गव्हाळ त्वचाही प्रत्यक्षापेक्षा गडद येते. उलट, निगेटिव्हवर चेहऱ्याचं रिटचिंग झालेलं असेल, तर चेहरा हातांपेक्षा उजळ दिसतो. म्हणून वर्ण चेहऱ्याच्या करड्यावरून ठरवू नका, माहितगारांना विचारूनच ठरवा.

सर्वांत जास्त वेळ त्वचेच्या संदर्भांना द्या. त्याच घरातल्या, जवळपासच्या वर्णाच्या माणसांचे आजचे दोन-तीन फोटो लागतील. ते सावलीतल्या नैसर्गिक उजेडात घेतलेले हवेत. फ्लॅश, फोनचा ब्यूटी मोड आणि पिवळ्या बल्बखालचे फोटो बाजूला ठेवा. आयड्रॉपर एका पिक्सेलवर ठेवू नका, ११ बाय ११ची सरासरी घ्या. मग कपाळावरची झळाळी, गालाचा मधला भाग आणि हनुवटीखालची सावली असे तीन नमुने टिपा. गव्हाळ त्वचेसाठी सुरुवातीला सावलीत ६२, ३४, २४, मधल्या भागात १५०, ९८, ७० आणि उजेडात २२६, १८४, १५२ हे आरजीबी आकडे चालतात. त्यांची रंगछटा क्रमाने साधारण १६, २१ आणि २६ अंश येते, तर रंगाचा दाटपणा ६१, ५३ आणि ३३ टक्के. म्हणजे सावली लालसर आणि दाट, उजेड पिवळसर आणि फिका. एकच त्वचारंग सगळीकडे फासला की हा फरक पुसला जातो, आणि बाहुलीपण येतं ते इथूनच.

हे तीन रंग ग्रेडियंट मॅपमध्ये डावीकडून उजवीकडे बसवा आणि त्या लेयरचा ब्लेंड मोड कलर करा. कलर मोड वरच्या लेयरमधून फक्त छटा आणि रंगाचा दाटपणा घेतो, उजेड-अंधार खालच्या मूळ फोटोचाच राहतो. मास्क उलटा करून काळा करा आणि मऊ ब्रशने, फ्लो १० ते १५ टक्के ठेवून, पांढऱ्याने चेहरा उघडा करत जा. केसांच्या रेषेशी थांबू नका. त्वचेचा रंग केसांखाली थोडा आत जाऊ द्या, म्हणजे करडी कड उरणार नाही. डोळ्यांचे पांढरे भाग आणि दात मात्र मास्कमधून बहुतांश वगळा. प्रत्येक व्यक्तीसाठी वेगळा ग्रेडियंट ठेवा, नाहीतर आजोबा आणि ती मुलगी एकाच साच्यातले दिसतील.

त्यावर रक्ताच्या लालीचा स्वतंत्र लेयर हवा. १७०, ७०, ६० हा रंग कलर मोडमध्ये, अपारदर्शकता १५ ते २० टक्के ठेवून नाक, कान, गाल आणि बोटांच्या सांध्यांवर लावा. दाढीच्या जागी तो टाळा, तिथली त्वचा किंचित करडी असते.

धोतरासाठी कलर मोड अपुरा पडतो, कारण शुद्ध पांढऱ्यावर आणि शुद्ध काळ्यावर त्याचा रंग चढत नाही. तिथे २४५, २३६, २२० ही फिकी साय मल्टिप्लाय मोडमध्ये ४० ते ६० टक्क्यांवर ठेवा. सोन्याचंही तसंच आहे. निव्वळ कलर मोडमध्ये ठुशी हळदीसारखी सपाट दिसते, म्हणून वर त्याच पिवळ्याचा एक हलका लेयर सॉफ्ट लाइटमध्ये घाला, म्हणजे चकाकी आणि सावली वेगळी होते. नथीच्या मोत्यांना त्यातून वगळा.

रंगवताना पडद्यापासून सुरुवात करा, मग कपडे, त्वचा, केस आणि शेवटी दागिने. पडदा करडाच राहिला तर त्याच्या शेजारी योग्य त्वचाही भडक वाटते आणि हात नकळत रंग उतरवत जातो. प्रत्येक लेयरला व्यक्तीचं आणि वस्तूचं नाव द्या. अधूनमधून चित्र २५ टक्क्यांवर लहान करून पाहा. चेहरा आधी दिसतो की साडी, हे तिथे लगेच कळतं. साडी आधी दिसत असेल तर तिच्या लेयरची अपारदर्शकता उतरवा.

पूर्ण आकारात छापण्याआधी फक्त चेहऱ्यांची एक पट्टी त्याच कागदावर काढून दिवसाच्या उजेडात बघा. मूळ स्कॅन आणि लेयरसकट फाइल वेगवेगळ्या जतन करा. सोबत एका साध्या मजकूर फाइलमध्ये कोणता रंग कोणी सांगितला, कोणता जपलेल्या कापडावरून घेतला आणि कोणता अंदाजाने भरला, ते लिहून ठेवा.